निफ्टीला हरवलं, म्हणजे नेमकं काय केलं?

सोलापुरात गुंतवणुकीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो इतक्या ठामपणे मांडला जातो की त्याला तितकंच ठाम उत्तर द्यायला हवं. युक्तिवाद असा: अमुक फंडाने पाच वर्षांत निफ्टीपेक्षा दर वर्षी चार-साडेचार टक्के जास्त दिले, म्हणजे मॅनेजर कसबी आहे. जोखीम किती घेतली, हे कळायला फंडाचं नाव पुरेसं आहे. सेबीने प्रत्येक फंडाला खाना नेमून दिलाय. फंडाचे परतावे बाजार, आकार आणि मूल्य या तीन घटकांवर रिग्रेस करत बसणं हा अमेरिकी प्राध्यापकांचा उद्योग, आपल्या बाजारात तो चालत नाही.

यातली पहिली दोन विधानं चूक आहेत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण ते तथ्य रिग्रेशन टाळायला सांगत नाही, ते नीट वाचायला सांगतं.

नावापासून सुरुवात करू. सेबीच्या ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकाने बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप ठरवल्या. लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसा पहिल्या शंभरात ठेवायचा, स्मॉल कॅप फंडाने किमान ६५ टक्के २५१ च्या पुढे. पण नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या फ्लेक्सी कॅप प्रकारावर अट एवढीच की किमान ६५ टक्के पैसा शेअर्समध्ये हवा. कोणत्या आकाराच्या, याला बंधन नाही. ज्या फंडाला वाटेल त्या आकाराच्या कंपन्या घ्यायची मुभा आहे, त्याचं नाव त्याच्या जोखमीबद्दल काय सांगणार? व्हॅल्यू फंडाचं तर आणखी सैल. मूल्याबद्दल नियम एवढंच म्हणतो की त्याने मूल्याधारित पद्धत पाळावी. मूल्य कशाने मोजायचं, ते फंडावर सोडलेलं आहे. नाव हे मॅनेजरने काय करायचं कबूल केलं त्याची नोंद आहे. त्याने काय केलं ते परताव्यांत उमटतं, आणि ते वाचायचं साधन म्हणजे हे रिग्रेशन.

१९९३ साली युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी मांडलेलं समीकरण एका ओळीचं आहे:

```
R_fund - Rf = alpha + b*(Rm - Rf) + s*SMB + h*HML + e
```

डावीकडे फंडाचा महिन्याचा परतावा वजा त्याच महिन्याचा बिनजोखमीचा दर. आपल्याकडे त्यासाठी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घेतात. उजवीकडे बाजाराचा असाच जादा परतावा, मग `SMB`, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअरचा परतावा वजा मोठ्यांचा, आणि `HML`, म्हणजे पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त शेअरचा परतावा वजा महागांचा. `b`, `s`, `h` ही लोडिंग: त्या घटकात एक टक्का हालचाल झाली तर फंड सरासरी किती हलतो. तिन्ही घटक हिशेबात घेऊनही जे उरतं ते अल्फा. मॅनेजरच्या कसबाचा पुरावा असलाच तर तो इथे असतो. त्याच्या आधीच कुठेतरी तो सापडल्याचं सांगणं म्हणजे भाड्याच्या उत्पन्नाला मेहनतीची कमाई म्हणणं.

घटकांची आकडेवारी मिळत नाही, अशी सबब आता चालत नाही. अहमदाबादच्या आयआयएमचे शोभेश अगरवाला, जोशी जेकब आणि जयंत वर्मा यांनी २०१३ मध्ये भारतीय बाजारासाठी हे घटक बांधले आणि संस्था ते खुले ठेवते. फंडांचे रोजचे एनएव्ही अॅम्फीकडे आहेत. उरतं ते स्प्रेडशीटमधलं काम, पण ते करताना चार ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एनएव्ही ग्रोथ पर्यायाचा घ्यायचा, कारण लाभांश वाटणाऱ्या पर्यायाचा एनएव्ही वाटपाच्या दिवशी खाली येतो आणि रिग्रेशनला तो तोटा दिसतो. तुलनेचा निर्देशांक लाभांशासकट, म्हणजे टीआरआय हवा. फंडाच्या एनएव्हीत कंपन्यांचा लाभांश जमा झालेला असतो, साध्या निफ्टीत नसतो, आणि या फरकाने वर्षाला टक्का-सव्वा टक्का फुकटचं कौतुक पदरात पडतं. सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून टीआरआयशी तुलना बंधनकारक केली ती यासाठीच. तिसरं, बिनजोखमीचा दर फंडातून आणि बाजारातून वजा करायचा. `SMB` आणि `HML` मधून नाही, कारण त्या मुळातच दोन परताव्यांच्या वजाबाक्या आहेत. चौथं, एक स्तंभ टक्क्यांत आणि दुसरा दशांशात राहिला तर लोडिंग शंभरपट चुकतं. बीटा ०.००९ किंवा ९२ आला तर आधी हेच तपासावं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष फंडाचे नाहीत. पण असा निकाल लागणं अगदी शक्य आहे. एक फ्लेक्सी कॅप फंड, ६० महिने. या काळात बाजाराचा जादा परतावा महिन्याला सरासरी १ टक्का, `SMB` ०.७ टक्के, `HML` उणे ०.३ टक्के, म्हणजे लहान कंपन्यांची चलती होती आणि स्वस्त शेअर मागे पडले होते.

आधी फक्त बाजारावर रिग्रेस करू. बीटा ०.९४ येतो आणि अल्फा महिन्याला ०.३८ टक्के, म्हणजे वर्षाला ४.५६. बैठकीत मिरवला जाणारा आकडा तो हाच. आता तिन्ही घटक घालू. `b` ०.९२, `s` ०.३५, `h` उणे ०.१२, आणि अल्फा महिन्याला ०.१२. वर्षाचे साडेचार टक्के सव्वा-दीड टक्क्यावर आले. बाकीचे गेले कुठे? ०.३५ गुणिले ०.७ म्हणजे महिन्याला ०.२४५, वर्षाला २.९४ टक्के लहान कंपन्यांकडे झुकल्यामुळे. उणे ०.१२ गुणिले उणे ०.३ म्हणजे महिन्याला ०.०३६, वर्षाला ०.४३ टक्के महाग शेअरकडे झुकल्यामुळे. बाजाराचा वाटा थोडा हलला, कारण लहान शेअर बाजाराबरोबरच वरखाली होतात, आणि एकट्या बाजाराच्या समीकरणात त्यांचा थोडा भाग बीटात जाऊन बसला होता, ते ०.२४ टक्के अल्फात परत आले. उरले १.४३.

आणि हे १.४३ तरी खरं आहे का? इथे स्टँडर्ड एरर वाचावी लागते, आणि वितरकाच्या कागदावर ती कधीच नसते. अल्फाची स्टँडर्ड एरर महिन्याला ०.१५ टक्के धरू, म्हणजे वर्षाला १.८. दोन्ही बाजूंना दुप्पट अंतर सोडलं तर खरा अल्फा उणे सव्वादोन टक्के ते जवळपास पाच टक्के यांत कुठेही असू शकतो. पाच वर्षांचा विदा यापेक्षा जास्त बोलूच शकत नाही. उलट `s` ची स्टँडर्ड एरर ०.०५ आहे, म्हणजे ०.३५ हा शून्यापासून सात पट दूर. फंड लहान कंपन्यांकडे झुकलेला आहे याबद्दल शंका नाही. मॅनेजर कसबी आहे याबद्दल मात्र भरपूर शंका आहे. युक्तिवाद नेमका उलट बोलतो. जे पक्कं दिसतं त्याबद्दल गप्प, आणि जे दिसतच नाही त्याची ग्वाही.

आता प्रत्येक लोडिंगकडे नीट पाहू, कारण रिग्रेशनच्या बाजूने बोलणारेही इथे चुकतात.

`b` ०.९२ पाहून फंड सुरक्षित आहे असं म्हणणारे भेटतात. बहुतेक वेळा त्यातली मोठी गोष्ट साधी असते: फंडात सात-आठ टक्के रोकड पडून असते आणि रोकड बाजाराबरोबर हलत नाही. पोर्टफोलिओचा मासिक तक्ता उघडून रोकड किती ते पाहावं, म्हणजे खरं कारण कळतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. कमी उलाढालीच्या शेअरचा भाव बाजारातली बातमी उशिरा पकडतो, त्यामुळे रोजच्या परताव्यांवर काढलेला बीटा खोटा कमी दिसतो. म्हणून मासिक परतावे घ्यावेत. रोजचेच घ्यायचे असतील तर आदल्या दिवसांचा बाजारही समीकरणात घालावा. तसा घातल्यावर बीटांची बेरीज वाढली, तर आधीची सुरक्षितता भावांच्या आळसातून आली होती.

`s` ०.३५ चा अर्थ पैशातला ३५ टक्के भाग लहान कंपन्यांत आहे, असं सर्रास सांगितलं जातं. तसा तो नाही. लोडिंग हिस्सा मोजत नाही, हालचाल मोजतं, आणि तीही घटक बांधणाऱ्याने ठरवलेल्या मोजपट्टीवर. अहमदाबादच्या मोजपट्टीत बाजारमूल्याने वरच्या १० टक्के कंपन्या मोठ्या आणि उरलेल्या लहान. नोंदलेल्या कंपन्या तीन हजार धरल्या तर मोठ्यांत तीनशे येतात. म्हणजे सेबीच्या सगळ्या लार्ज आणि मिड कॅप कंपन्या, शिवाय काही स्मॉल कॅपही, तिथे मोठ्या ठरतात. तरीही मिड कॅप फंडाचं `s` शून्य येईल असं समजू नये. मोठ्यांच्या गटात बाजारमूल्यानुसार वजन दिलेलं असल्यामुळे त्याची चाल रिलायन्स, एचडीएफसी बँक यांच्यासारख्या महाकाय कंपन्या ठरवतात, आणि मिड कॅप त्यांच्यासारखे हलत नाहीत. म्हणून ०.३५ हा आकडा सुटा ठेवला तर त्याला अर्थच नाही.

त्याला अर्थ द्यायची रीत सोपी आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. ज्या घटकांवर, ज्या ६० महिन्यांवर फंड रिग्रेस केला, त्याच घटकांवर आणि त्याच महिन्यांवर निफ्टी ५०, निफ्टी मिडकॅप १५०, निफ्टी स्मॉलकॅप २५० आणि निफ्टी५०० व्हॅल्यू ५० हे चार टीआरआयही रिग्रेस करा. प्रत्येकाचं `s` आणि `h` मिळेल. मग फंडाचा ०.३५ मिडकॅप १५० च्या आकड्याजवळ आहे की स्मॉलकॅप २५० च्या, ते डोळ्यांना दिसतं. फंडाचं नाव फ्लेक्सी आणि वागणूक जवळपास मिड कॅप, असं निघालं तर निफ्टी ५०शी त्याची तुलना सुरुवातीपासूनच चुकीची होती.

भारतीय बाजाराबद्दलचा आक्षेप सर्वांत खरा ठरतो तो `h` च्या बाबतीत. `HML` पुस्तकी मूल्य आणि बाजारभाव यांच्या गुणोत्तरावर बांधलेला आहे. आपल्याकडे या कसोटीवर स्वस्त ठरणाऱ्यांत सरकारी बँका, धातू, ऊर्जा या क्षेत्रांतल्या कंपन्या मोठ्या प्रमाणावर येतात. थकीत कर्जाची पुरती तरतूद न केलेल्या बँकेचं पुस्तकी मूल्य फुगलेलं असतं आणि ती स्वस्त दिसते. सॉफ्टवेअर किंवा औषध कंपनीची खरी मालमत्ता ताळेबंदात येतच नाही, म्हणून ती कायम महाग दिसते. त्यामुळे `h` वाचताना मूल्य वाचतोय की क्षेत्र, हे तपासावंच लागतं. बँकिंग निर्देशांक चौथा घटक म्हणून घालून पाहावा. `h` कोसळला तर मॅनेजर स्वस्त शेअर शोधत नव्हता, बँकांकडे झुकला होता किंवा त्यांच्यापासून लांब राहिला होता. आपल्या उदाहरणातला उणे ०.१२ त्याच्या स्टँडर्ड एररच्या, ०.०५ च्या, जेमतेम अडीच पट आहे. असा आकडा एका क्षेत्रामुळेही येऊ शकतो. आणि एखाद्या व्हॅल्यू फंडाचं `h` शून्याजवळ आलं तर लगेच फसवणुकीचा आरोपही करू नये. मॅनेजर रोख प्रवाह किंवा कमाईवरून मूल्य ठरवत असेल. मात्र मूल्य घटकाचा जो लांब पल्ल्याचा फायदा विक्रीच्या वेळी सांगितला जातो, तो या फंडातून मिळेल असं कुणी सांगू नये. तो फंड त्या घटकाला बांधलेलाच नाही.

आक्षेपाचा आणखी एक भाग मी मान्य करतो. `SMB` मध्ये मोठ्या कंपन्या उसन्या घेऊन विकायच्या आणि शेकडो बारीक शेअर विकत घ्यायचे, असा कागदी व्यवहार गृहीत आहे; सामान्य माणसाला तो करता येत नाही, आणि त्या बारीक शेअरमधली खरेदी-विक्रीची किंमतही घटकात धरलेली नाही. त्यामुळे घटकावरचा अल्फा फंडावर थोडा अन्याय करतो. पण यावरून रिग्रेशन टाकून द्या असं निघत नाही. निघतं ते हे की दुसरी फेरी प्रत्यक्ष विकत घेता येणाऱ्या गोष्टींवर करा, म्हणजे निफ्टी ५० आणि निफ्टी स्मॉलकॅप २५० यांच्या टीआरआयवर.

आणि एक इशारा, जो दोन्ही पक्षांसाठी आहे. साठ महिन्यांचं लोडिंग ही सरासरी असते. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने मल्टी कॅप फंडांना तिन्ही आकारांत किमान २५-२५ टक्के ठेवायला सांगितल्यावर अनेक फंडांनी प्रकार बदलून फ्लेक्सी कॅपमध्ये जाणं पसंत केलं. अशा बदलाच्या आधीचे आणि नंतरचे महिने एकत्र मिसळले तर येणारं `s` कोणत्याच काळाचं नसतं. खिडकी छत्तीस महिन्यांची करून ती पुढे सरकवत न्यावी. `s` हळूहळू चढत असेल तर फंडाचा आकार, मॅनेजर किंवा धोरण बदललं का, ते शोधावं. लहान कंपन्यांची तेजी जोरात असताना चढणारं `s` मला सर्वांत चिंतेचं वाटतं, कारण तेव्हाच फंडाची जाहिरात सर्वांत चमकदार असते.

हे सगळं सोलापुरात इतक्या आग्रहाने का मांडायचं, त्याला कारण आहे. २०१६ मध्ये बाजारात नोंदलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथली, बालाजी अमाइन्सही इथली, आणि आपल्या गावच्या कंपनीवर विश्वास म्हणून त्यांचे शेअर बाळगणारी घरं इथे आहेत. त्यांची बाकीची मिळकत यंत्रमागावर, टॉवेल-चादरींच्या निर्यातीवर, साखर कारखान्यावर किंवा त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या धंद्यांवर उभी आहे. पतपुरवठा आवळला, मागणी बसली की लहान कंपन्यांना पहिला फटका बसतो, आणि त्याच महिन्यात या घरांच्या धंद्यालाही. अशा घराला ०.३५ `s` असलेला फंड "फ्लेक्सी म्हणजे संतुलित" म्हणून विकणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर आधीच असलेली जोखीम नकळत वाढवणं आहे. जानेवारी २०१८ नंतरची दोन वर्षं आठवावीत. स्मॉल कॅप निर्देशांक घसरत राहिले, आणि निफ्टी ५० ने मात्र जानेवारी २०२० मध्ये नवा उच्चांक गाठला. ज्यांना आपला फंड निफ्टीसारखाच वागेल असं सांगितलं होतं, त्यांना त्या दोन वर्षांत काय बिघडलं हे कळलंच नाही. काहीच बिघडलं नव्हतं. `SMB` उणे होता आणि त्यांचं `s` धन होतं.

विरोधी बाजूचा शेवटचा मुद्दा असा असतो की सामान्य गुंतवणूकदाराला हे समजणार नाही. मागावरच्या सुताचा काउंट आणि महिन्याचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या माणसांबद्दल असं बोलणं मला मान्य नाही. त्यांना समीकरण मांडायचं नाही, एक प्रश्न विचारायचा आहे. समजा आपल्या उदाहरणातला फंड दोन टीआरआयवर रिग्रेस केला आणि निफ्टी ५० वर ०.७०, स्मॉलकॅप २५० वर ०.२३ आलं, उरलेले ०.०७ रोकड. मग दर शंभर रुपयांतले सत्तर निफ्टीच्या इंडेक्स फंडात, तेवीस स्मॉलकॅपच्या इंडेक्स फंडात आणि सात लिक्विड फंडात ठेवून त्याच साठ महिन्यांत किती मिळालं असतं, तिन्ही फंडांचा खर्च वजा करून? ते उत्तर या फंडाच्या परताव्यापासून वजा करा, आणि जो फरक येईल त्याच्या शेजारी त्याची स्टँडर्ड एरर लिहा. रेग्युलर प्लॅनचा जादा खर्च पहिल्या महिन्यापासून, न चुकता, एनएव्हीतून कापला जातो; तो ज्या कसबासाठी मागितला जातो, ते कसब या एका ओळीत दाखवण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे.